फेरफार नोटिशीचा फोटो इंग्रजीत नेण्याआधी: ओसीआरच्या चुका शोधायच्या आणि सुधारायच्या कशा

मराठी नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो घ्यायचा, त्यातून ओसीआरने, म्हणजे यंत्राला अक्षरे ओळखायला लावून, मजकूर उतरवून घ्यायचा आणि तो भाषांतराला लावायचा, हे काम आता पाच मिनिटांत होते. बिघडतेही त्याच पाच मिनिटांत. भाषांतर करताना माझी सगळ्यात मोठी चूक इंग्रजी शब्द निवडताना झाली नव्हती. त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे फोटोतून उतरलेले मराठी मी नीट तपासले नाही, तिथे ती झाली होती. म्हणून हा लेख फक्त त्या मधल्या पायरीबद्दल आहे.

उदाहरण एकच घेतो, कारण अशा नोटिशी माझ्याकडे सतत येतात. गावातला खातेदार वारला, मुलाने वारस नोंदीसाठी अर्ज दिला आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५०(२) खाली संबंधितांना फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस निघाली. खातेदाराच्या दोन मुलींपैकी एक परदेशात असते. भाच्याने चावडीवरच्या नोटिशीचा फोटो तिला पाठवला आणि तिथल्या वकिलाला तो इंग्रजीत हवा आहे. हरकत घ्यायची तर मुदत पंधरा दिवसांची. खालच्या नमुन्यातली नावे, गट क्रमांक आणि तारखा मी बदलल्या आहेत. चुका मात्र अशा कागदांत नेहमी सापडणाऱ्याच आहेत.

फोटो पुन्हा मागवण्याची लाज बाळगू नका

पहिल्यांदा आलेला फोटो बहुधा व्हॉट्सॅपवरून साध्या फोटोसारखा पाठवलेला असतो. तसा पाठवला की तो लहान आणि पुसट होतो. अक्षरे आपल्याला वाचता येतात, पण अनुस्वाराचा ठिपका आणि कागदावरचा डाग यांत फरक उरत नाही. म्हणून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगावे. मोठा करून पाहिल्यावर शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत साधारण तीस पिक्सेलची उंची असेल तर काम चालते. त्याहून कमी असेल तर सुधारण्यात जितका वेळ जाईल त्याच्या निम्म्या वेळात नवा फोटो येतो.

नवा फोटो काढणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्यात. फ्लॅश बंद ठेवून दिवसाउजेडी काढ. मोबाइल कागदाला समांतर धर. आणि एक फोटो पूर्ण कागदाचा, मग वरचा भाग, मधला भाग आणि खालचा भाग असे जवळून तीन काढ, प्रत्येकात आधीच्या फोटोच्या दोन ओळी पुन्हा येऊ देत. पूर्ण कागदाच्या फोटोवरून मांडणी कळते, जवळच्या फोटोंवरून अक्षरे. घडी शिरोरेघेवरून गेली असेल तर ती हाताने सपाट करूनच फोटो घ्यायला हवा. शिरोरेघ तुटली की एका शब्दाचे दोन शब्द होतात आणि ते नंतर ध्यानात येत नाही.

मूळ फोटो जसाच्या तसा एका फोल्डरमध्ये ठेवून द्यावा. कापणे, सरळ करणे, उजळ करणे हे सगळे प्रतीवर. शेवटी वाद झाला तर ‘मुळात काय होते’ याचे उत्तर तोच फोटो देतो.

प्रतीवर काम करताना एक मोह टाळावा. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून बरेच जण फोटो पूर्ण काळा-पांढरा करतात. त्यात पहिला बळी अनुस्वाराचा जातो, मग विसर्गाचा. राखाडी छटांत ठेवलेला फोटो डोळ्यांना फिका वाटतो, पण ठिपके राखतो. मजकुरावर जांभळा गोल शिक्का आला असेल तर फोटोतला फक्त निळा रंगथर वेगळा काढावा. त्या थरात जांभळी शाई फिकी पडते आणि छपाईची काळी अक्षरे काळीच राहतात. लाल शिक्का असेल तर इमेजमॅजिक या प्रोग्रामच्या खालच्या आज्ञेत `B` च्या जागी `R`.

```
magick notis.jpg -channel B -separate notis-nila.png
```

दोनदा उतरवा, दोन वेगळ्या साधनांनी

मी एकदा संगणकावर टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामने उतरवतो आणि एकदा फोनवरच्या गूगल लेन्सने. ज्यांना आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा आहे त्यांनी गूगल ड्राइव्हवर फोटो चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला तरी मजकूर मिळतो. टेसरॅक्टसाठी मराठीची माहिती वेगळी बसवावी लागते, तिचे नाव `mar`.

```
tesseract notis-nila.png tess -l mar --psm 6
```

शेवटचा आकडा सांगतो की हा मजकुराचा एकसंध ठोकळा आहे. तो दिला नाही तर यंत्र स्वतःहून रकाने शोधते आणि कधी कधी नोटिशीची डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी करून टाकते. नोटिशीत इंग्रजी शब्द नसतील तर भाषेच्या जागी `mar+eng` लिहू नये. इंग्रजी जोडले की मराठी आकडे इंग्रजी आकड्यांसारखे वाचले जाण्याची वाट मोकळी होते. त्याचे पुढे काय होते ते आकड्यांच्या भागात दाखवतो.

दोन्ही मजकूर `lens.txt` आणि `tess.txt` अशा नावांनी ठेवून गिट या प्रोग्रामच्या खालच्या आज्ञेने तपासले की जिथे दोघांचे जुळत नाही त्या जागा लगेच समोर येतात.

```
git diff --no-index --word-diff lens.txt tess.txt
```

फरक दिसला तिथे चूक नक्की आहे, निदान एकाची. पण दोघांचे जुळले म्हणून ते बरोबर आहे असे नव्हे. एकच पुसट अक्षर दोघांनाही सारखेच फसवू शकते. म्हणून ही तुलना फक्त पहिली चाळणी.

आमच्या नोटिशीचा उतरलेला मधला भाग असा होता:

```
मोजे मजकूर येथील गट क्र. 989 क्षेत्र 9.88 हे.आर
या जमिनीचे खातेदार घोंडू बाबू हे दि. १९/०१/२०२४
रोजी मयत झाले असून त्याचे नाव वाद करून
खालील बारसांची नावे दाखल करणेबाबत वर्दी अर्ज
आला आहे. मुलीचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.
तरी कोणाची हरकत असल्यास नोटीस मिळाल्यापासून
१५ दिवसांच्या आत लेखी कळवावे. हरकत असल्यास
नोंद प्रमाणित करण्यात येईल.
```

आठ ओळी आणि त्यांत अकरा चुका. आणखी वाईट म्हणजे ‘घोंडू’ आणि ‘बारसांची’ सोडले तर शब्दलेखन तपासणारे साधन यांतला एकही शब्द अडवणार नाही. मोजे, वाद, मुलीचे, असल्यास हे सगळे चांगले मराठी शब्द आहेत.

आधी ओळी मोजा

अक्षरांकडे वळण्याआधी फोटोतल्या ओळी मोजून घ्याव्यात आणि उतरलेल्या मजकुरातल्याही. ओसीआर एखादी ओळ, विशेषतः शिक्क्याखालची किंवा कडेला वाकलेली, पूर्ण गाळते आणि वरखालच्या ओळी अशा जुळतात की काही गेले हे कळतच नाही. मी उतरलेल्या मजकुराच्या ओळी फोटोप्रमाणेच तोडलेल्या ठेवतो आणि सुधारणा पूर्ण होईपर्यंत त्या जोडत नाही. फोटोत सातवी ओळ ‘१५’ ने सुरू होत असेल तर फाइलमध्येही सातवी ओळ ‘१५’ नेच सुरू व्हायला हवी.

अक्षरे: दोन कारणे ओळखली की बऱ्याच जोड्या कळतात

गोंधळणाऱ्या अक्षरांच्या लांबलचक याद्या पाठ करून उपयोग नाही. चूक का होते ते कळले की डोळा आपोआप तिथे जातो.

पहिले कारण शिरोरेघेतली फट. ध, भ आणि थ या तिन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला शिरोरेघ नसते, तिथे अक्षर वळण घेऊन मोकळे राहते. शाई पसरली, झेरॉक्सची झेरॉक्स झाली किंवा फोटो धूसर आला की ती फट भरते आणि ध चा घ, भ चा म, थ चा य होतो. उलटही घडते, शिरोरेघ पुसट असेल तर घ चा ध होतो. ‘धोंडू’चा ‘घोंडू’ असाच झाला. भाग आणि माग, घर आणि धर, भरणे आणि मरणे या जोड्या याच एका फटीच्या आहेत.

दुसरे कारण अक्षराच्या पोटातली तिरकी रेघ. ब मधून ती गेली की व उरतो, ष मधून गेली की प. व च्या पोटात शाई भरली की त्याचा ब दिसतो. महसुली कागदांत ही जोडी फार घातक आहे, कारण तिथले नेहमीचे शब्द नेमके हेच: वारस, वाटप, वहिवाट, कब्जा, बाद. आमच्या नोटिशीत ‘वारसांची’चे ‘बारसांची’ झाले, ते कोणालाही खटकेल. पण ‘नाव बाद करून’चे ‘नाव वाद करून’ झाले ते वाचताना निसटते. इथे बाद करणे म्हणजे मयताचे नाव अभिलेखातून कमी करणे. ‘वाद’ तसाच राहिला तर इंग्रजीत भांडण किंवा खटला येतो आणि परदेशातला वकील विचारतो की या जमिनीवर दावा चालू आहे का. मी अशा प्रश्नाला एकदा उत्तर दिले आहे आणि तो दावा कुठेच नव्हता.

ख चा रव होणे हे तिसऱ्या प्रकारचे, पण ते सहसा स्वतःच उघडे पडते. ‘रवरेदी’ असा शब्द मराठीत नाही.

मात्रांचे काय? एक मात्रा उडाली आणि ‘मौजे’चे ‘मोजे’ झाले. मौजे म्हणजे गाव, महसुली कागदावर गावाच्या नावाआधी येणारा शब्द. मोजे पायात घालतात. भाषांतराचे यंत्र पायमोजे असेच लिहील आणि त्यात यंत्राची चूक नाही, आपण त्याला तेच वाचायला दिले.

‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’, ‘अधिकाऱ्यांकडे’ यांतला ऱ्य वेगळा पाहावा. ओसीआर तो कधी गाळते आणि ‘दुसया’ उतरते, कधी त्याचा र्य करते. जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या नोटिशींत मुळातच ‘दुस-या’ असे आडवी रेघ घालून लिहिलेले असते. तिथे ओसीआरचे बरोबर असते. मी माझ्या पहिल्या प्रतीत ती रेघ ठेवतो आणि भाषांतराला द्यायच्या प्रतीत ‘दुसऱ्या’ करतो. दोन प्रती का, ते पुढे येईल.

ठिपके: या नोटिशीतली सगळ्यात महाग चूक

पाचवी ओळ पुन्हा पाहा. उतरले होते ‘मुलीचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे’. फोटोत, खूप मोठे करून पाहिल्यावर, ली च्या वेलांटीला चिकटलेला एक ठिपका होता. मूळ शब्द ‘मुलींचे’ होता.

मुलीचे म्हणजे एका मुलीचे, मुलींचे म्हणजे दोघींचे. आणि दोघींपैकी एक परदेशात असलेली, हे भाषांतर जिच्यासाठी चालले होते तीच. तिने असे काही प्रतिज्ञापत्र दिलेलेच नव्हते. ठिपका गळला असता तर इंग्रजीत एकवचन आले असते, तिला वाटले असते की गावातल्या बहिणीने दिले असेल, आणि हरकत घेण्याचे सर्वांत मोठे कारण तिच्या नजरेलाच पडले नसते.

म्हणून अनुस्वारांसाठी मी एक वेगळी फेरी करतो, तिच्यात दुसरे काहीच पाहत नाही. पाहायचे ते असे: ज्या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन फक्त ठिपक्याने वेगळे होते तो प्रत्येक शब्द फोटोत मोठा करून पाहायचा. मुलीचे आणि मुलींचे, बहिणीचे आणि बहिणींचे, वारसाचे आणि वारसांचे, त्याचे आणि त्यांचे. शेवटच्या जोडीत आदरार्थी बहुवचनही येते. ‘खातेदार हे मयत झाले असून त्यांचे नाव’ असे असेल तर ‘त्यांचे’ एकाच माणसाचे आहे, इंग्रजीत ते एकवचनीच जायला हवे. आमच्याकडे तिसऱ्या ओळीत ‘त्याचे’ उतरले होते, फोटोत ‘त्यांचे’ होते. अर्थ बदलत नाही, तरी सुधारायचे.

ठिपका आहे की डाग, हे ठरवायला त्याच ओळीतले दुसरे, खात्रीचे अनुस्वार पाहावेत. एकाच टंकातले ठिपके एकाच आकाराचे, शिरोरेघेपासून एकाच अंतरावर असतात. डाग तसा शिस्तीत बसत नाही. वेलांटी आणि ठिपका एकत्र येतात तिथे मात्र हा नियम पुरत नाही, कारण ठिपका वेलांटीत मिसळतो. अशा वेळी जवळून काढलेला दुसरा फोटो मागवण्याला पर्याय नाही. मीही तो मागवला आणि त्यानंतरच ‘मुलींचे’ असे लिहिले.

विसर्ग आणि अपूर्णविराम यांची अदलाबदल लक्षात ठेवावी, पण तिच्यामुळे अर्थ सहसा बिघडत नाही.

आकडे: मराठी १ आणि ४ इंग्रजी ९ आणि ८ सारखे दिसतात

पहिल्यांदा उतरवताना मी घाईत `mar+eng` दिले होते, आणि गट क्र. १४१ चा `989` झाला, क्षेत्र १.४४ चे `9.88`. देवनागरी १ चा आकार इंग्रजी नऊसारखा आहे आणि देवनागरी ४ चा इंग्रजी आठसारखा. यंत्राने आकार बरोबर पाहिला, लिपी चुकीची धरली. परिणाम असा की एक हेक्टर चव्वेचाळीस आर जमीन नऊ हेक्टर अठ्ठ्याऐंशी आर झाली.

मराठी नोटिशीत इंग्रजी आकडा दिसला की आधी संशय घ्यावा. सगळे इंग्रजी आकडे एका आज्ञेत सापडतात:

```
grep -n '[0123456789]' tess.txt
```

सापडलेला प्रत्येक आकडा फोटोशी ताडून देवनागरीत लिहावा. ‘सगळे इंग्रजी आकडे एकदम देवनागरीत बदला’ असे कधी करू नये. 989 चे ९८९ होईल, चूक तशीच राहील आणि आता ती मराठी वेशात असल्याने दिसणारही नाही.

देवनागरीतल्या देवनागरीतही १ आणि ९ यांची गल्लत होते. आमच्या नोटिशीत मृत्यूची तारीख ११/०१/२०२४ होती, उतरली १९/०१/२०२४. दोन्ही तारखा शक्य आहेत, वाक्य दोन्हींनी नीट लागते. इथे फक्त फोटो आणि दुसरा कागद उपयोगी पडतो. तारखेसाठी मृत्यूचा दाखला आहे. गट क्रमांक आणि क्षेत्रासाठी महाभूलेखवर त्या गटाचा सातबारा पाहता येतो, आणि चालू फेरफाराची माहिती ‘आपली चावडी’वर गाव निवडून पाहता येते. क्षेत्राबाबत आणखी एक आधार आहे: शंभर आर म्हणजे एक हेक्टर, म्हणून दशांशचिन्हानंतर आरांचे दोन आकडे येतात. ‘१.४’ किंवा ‘१४४’ असे उतरले तर आकडा किंवा ठिपका हरवला आहे हे समजावे. तिरकी रेघही पाहावी. ७/१२ मधली रेघ १ म्हणून वाचली गेली की ‘७११२’ उतरते.

एक काळजी मात्र घ्यावी. सातबाऱ्यावर वेगळा आकडा सापडला म्हणून नोटिशीचा आकडा बदलू नये. सातबारा आपल्याला फोटोत पुन्हा नीट पाहायला सांगतो, एवढेच. पुन्हा पाहूनही नोटिशीत वेगळेच छापलेले दिसत असेल तर ती नोटिशीची चूक आहे आणि वकिलाला तीच हवी असते.

‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’

सातव्या ओळीत फोटोत होते ‘हरकत नसल्यास नोंद प्रमाणित करण्यात येईल’. उतरले ‘असल्यास’. एक ओळ वर तोच शब्द येऊन गेला होता आणि पुढचे अक्षर घडीवर होते. आता वाक्याचा अर्थ उलटला, हरकत आली तर नोंद प्रमाणित होणार! असा उलटा अर्थ कोणीही पकडेल असे वाटते, पण सरकारी भाषेची सवय नसलेला वाचक ‘असेल काही नियम’ म्हणून पुढे जातो.

नकारासाठी म्हणून मी शेवटची फेरी राखून ठेवतो: नाही, नये, नसल्यास, न आल्यास, विना, अन्यथा. हे शब्द उतरलेल्या मजकुरात शोधून भागत नाही, कारण गळलेला ‘न’ शोधात सापडतच नाही. फोटोत शोधायचे आणि मग मजकुरात आहेत का ते पाहायचे. दिशा उलटी ठेवली की गळालेले शब्द दिसतात.

त्याच ओळीत ‘लेखी कळवावी’ होते, ‘कळवावे’ उतरले. हरकत कळवावी. भाषांतरात फरक नाही, तरी सुधारले. क्षुल्लक म्हणून सोडलेल्या चुका मोजल्या नाहीत तर उतारा कितपत विश्वासाचा आहे हे शेवटी कळत नाही.

मोठ्याने वाचा, दोघांनी

सगळ्या फेऱ्या झाल्यावर घरातल्या कोणाला तरी फोटो हातात द्यावा आणि आपण सुधारलेला मजकूर समोर ठेवावा. वाचणाऱ्याने फोटोवरून वाचायचे, आपण मजकुरावरून बोट फिरवायचे. उलटे केले, म्हणजे आपण मजकूर वाचला आणि त्याने फोटोत पाहिले, तर ऐकलेला शब्दच त्याला फोटोत दिसू लागतो. आकडे ‘एकशे एक्केचाळीस’ असे न वाचता ‘एक, चार, एक’ असे सुटे वाचावेत. माझी आई हे काम करते. तिला महसुली भाषा कळत नाही, आणि म्हणूनच ती अंदाजाने शब्द पुरा करत नाही, जे दिसते तेच वाचते.

वाचता न येणाऱ्या जागी अंदाज लिहू नये. चौकटी कंसात [अवाच्य] लिहावे, दोन शक्यता असतील तर [१ किंवा ९] असे. हाताने लिहिलेली तारीख, जावक क्रमांक आणि सही ओसीआरवर सोडूच नयेत. ते फोटो पाहून स्वतः टाइप करावे आणि शेजारी ‘हस्तलिखित’ अशी खूण ठेवावी. आमच्या नोटिशीवर ती मिळाल्याची तारीख हातानेच लिहिलेली होती, आणि पंधरा दिवस तिथूनच मोजायचे होते.

सुधारलेला भाग शेवटी असा झाला:

```
मौजे मजकूर येथील गट क्र. १४१ क्षेत्र १.४४ हे.आर
या जमिनीचे खातेदार धोंडू बाबू हे दि. ११/०१/२०२४
रोजी मयत झाले असून त्यांचे नाव बाद करून
खालील वारसांची नावे दाखल करणेबाबत वर्दी अर्ज
आला आहे. मुलींचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.
तरी कोणाची हरकत असल्यास नोटीस मिळाल्यापासून
१५ दिवसांच्या आत लेखी कळवावी. हरकत नसल्यास
नोंद प्रमाणित करण्यात येईल.
```

भाषांतराला देण्यासाठी दुसरी प्रत

ही झाली पहिली प्रत, कागदाची जशीच्या तशी नक्कल. हिच्यात नोटिशीतल्या मूळ चुका, ‘नांव’सारखी जुनी लेखनपद्धती, ‘करणेबाबत’सारखी सरकारी रूपे सगळी राहू द्यायची. ओसीआरची चूक सुधारणे आणि लिहिणाऱ्याचे मराठी सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत, दुसरे आपले नव्हे.

दुसऱ्या प्रतीत तुटलेल्या ओळी जोडून पूर्ण वाक्ये करायची आणि संक्षेप फोडायचे. ‘ता.’ म्हणजे तालुका की तारीख, हे जागेवरून ठरवून पूर्ण शब्द लिहावा. ‘हे.आर’ चे हेक्टर आणि आर. नावापुढे ‘अ.पा.क.’ दिसले तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस अल्पवयीन आहे आणि पुढचे नाव त्याच्या पालकाचे. हे फोडले नाही तर इंग्रजीत अल्पवयीन मूल गायब होते आणि पालकच वारस ठरतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर.

‘वर्दी अर्ज’ इथेच समजावून ठेवावा. महसुली बोलीत वर्दी म्हणजे फेरफारासाठी दिलेली खबर. हिंदीत तोच शब्द गणवेशाचा आहे आणि भाषांतराची यंत्रे तिकडे घसरतात. नोटिशीच्या माथ्यावर ‘नमुना ९’ असेल तर त्याच्या आधी स्वतःहून ‘गाव’ हा शब्द जोडू नये. गाव नमुना नऊ हे दैनिक पावत्यांचे पुस्तक आहे, ही नोटीस नव्हे.

नावांची इंग्रजी अक्षरे ओसीआर किंवा भाषांतराच्या यंत्रावर सोडू नयेत. पासपोर्ट किंवा आधारवर जे स्पेलिंग आहे तेच घ्यावे, ज्यांचे मिळत नाही त्यांचे सगळीकडे एकसारखे लिहावे. वडिलांचे नाव एका पानावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्याने आले तर परदेशी वकील ती दोन माणसे समजू शकतो.

दोन्ही प्रती, मूळ फोटो आणि [अवाच्य] जागांची यादी इंग्रजी भाषांतराबरोबर पाठवावी. आम्ही पाठवली तेव्हा यादीत एकच जागा उरली होती, शिक्क्याखालचा जावक क्रमांक. तो भाच्याने चावडीवर जाऊन नोटीस प्रत्यक्ष पाहून दुसऱ्या दिवशी कळवला आणि त्याच दिवशी तिची लेखी हरकत निघाली, पहिल्याच परिच्छेदात प्रतिज्ञापत्राचा मुद्दा घेऊन.